एकादशीला चालणारा बटाटा

कार्तिकी एकादशीच्या सकाळी मी चौलला मामाकडे मागच्या पडवीत बसून उकडलेले बटाटे सोलत होते आणि समोर विहिरीच्या कठड्याचं काम चालू होतं. पावसात कठड्याचा एक कोपरा खचून विहिरीत गेला होता, तो मामाने चार महिने दोरी बांधून तसाच ठेवला, शेवटी मामीने सांगितलं की दिवाळीनंतर मेस्त्री आला नाही तर मी पाणी भरणार नाही, तेव्हा कुठे हललं सगळं. मेस्त्री आणि दोन बिगारी. सकाळी आठला माल कालवून झाला होता आणि पहिलं घमेलं कठड्यापर्यंत पोचायच्या आत चहाची वेळ झाली, हे कोकणातल्या बांधकामाला धरूनच झालं.

चहाबरोबर पाव आला. आमचा उपास, त्यामुळे पाव फक्त त्या तिघांना. मामीने लादी तोडून सहा पाव ताटलीत ठेवले आणि ताटली माझ्या हातात न देता स्वतःच बाहेर नेऊन ठेवली. मला हसायला आलं, कारण ही माझ्या आजीची सवय. मामी लग्न होऊन आली तेव्हा आजी होती, तिच्याकडून घेतली असणार. आजीच्या काळात पाव घरात यायचा पण स्वयंपाकघरात नाही, पडवीतल्या फडताळात त्याची वेगळी पिशवी असायची. तिला विचारलं की पाव का नाही खात, तर ती एकच गोष्ट सांगायची, जी ह्या किनाऱ्यावर वसईपासून गोव्यापर्यंत प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगितलेली आहे: फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज लोक रात्री गावच्या विहिरीत पाव टाकून जायचे, सकाळी सगळं गाव ते पाणी प्यायचं, आणि मग पाद्री येऊन सांगायचा की तुम्ही आता बाटलात. असं खरंच किती वेळा झालं हे सोडा, पण गोष्ट पक्की बसलेली. आजीच्या लेखी पाव हा पदार्थ नव्हताच, तो बाटवायचं हत्यार होता.

आणि हीच आजी एकादशीला बटाट्याची भाजी करायची. मिरची, शेंगदाण्याचं कूट, जिरं, वर ओलं खोबरं. कमरेला चाव्यांचा जुडगा. गड्याचा पगार काढून ठेवलेला असायचा देवघरातल्या डब्यात.

बटाटा, चावी, पगार. पावाबरोबर त्याच जहाजातून उतरलेले तीन शब्द, पैकी एक सोवळ्यात, एक कमरेला आणि एक देवघरात. अडवला गेला तो फक्त पाव.

मी हे मोठ्याने बोलले तर मामेभावाची मुलगी, जी सध्या अलिबागला बीएस्सी करतेय आणि उपास फक्त खिचडीसाठी करते, ती म्हणाली, आत्या मग बटाटा उपासाला चालतो कसा, तो पण फिरंगीच ना? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर बटाट्याच्या नावात अडकलंय आणि ते नाव मुळात बटाट्याचं नाहीच.

आपण जो बटाटा म्हणतो त्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतले अँडीज पर्वत, आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. 'बताता' हा शब्द तिथला नाहीच, तो हजारो किलोमीटर लांब कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि ताइनो लोक बताता म्हणायचे रताळ्याला. कोलंबस 1492 मध्ये पहिल्यांदा टेकला तो ह्याच बेटांवर, त्यामुळे युरोपच्या तोंडाला आधी रताळं लागलं आणि त्याच्याबरोबर बताता हे नाव. स्पॅनिश लोक पेरूत पोचले ते 1532 मध्ये, म्हणजे खरा बटाटा त्यांना भेटला चाळीस वर्षांनी. तोपर्यंत जमिनीखाली येणाऱ्या, उकडून खायच्या त्या नवीन वस्तूला बताता म्हणायची सवय झालेली होती. मग हा दुसरा कंद आला, तोही जमिनीखालचा, तोही उकडून खायचा, लोकांनी त्यालाही तेच चिकटवलं. स्पॅनिश भाषेत बताता आणि पापा एकमेकात कालवून 'पताता' झालं, पोर्तुगीजांनी सरळ 'बताता' ठेवलं, इंग्रजांनी त्याचं पोटॅटो केलं. 1597 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या एका जाडजूड वनस्पतीग्रंथात नुसतं 'पोटॅटो' म्हटलं की रताळं, आणि आपल्या बटाट्याला 'व्हर्जिनियाचे पोटॅटो' असं नाव दिलंय, म्हणजे तोपर्यंत नावावर मालकी रताळ्याचीच होती. नंतर बटाटा एवढा पसरला की नाव तो घेऊन गेला, आणि आज पोर्तुगालमध्ये रताळ्याला 'बताता-दोस' म्हणावं लागतं, म्हणजे गोड बटाटा. मूळ मालक स्वतःच्याच घरात भाडेकरू.

ह्याचा एक उपद्रव असा की सतराव्या शतकातले युरोपियन प्रवासी हिंदुस्थानात पोटॅटो खाल्ले म्हणून लिहून ठेवतात आणि त्यावरून लोक आपल्याकडे बटाटा अमुक साली होता असं ठोकून देतात. ते रताळं असू शकतं. नुसत्या नावावरून ठरवताच येत नाही, सालीचा रंग किंवा गोडीबद्दल काही लिहिलं असेल तरच. मला तर वाटतं की आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज जहाजातून आधी उतरलं असेल ते रताळंच.

आता गंमत इथून पुढे. रताळं आलं, पण त्याचं बताता हे नाव आपल्याकडे त्याला चिकटलं नाही. का, तर आपल्याकडे आधीच एक नाव मोकळं होतं. संस्कृतातला 'रक्तालु', म्हणजे लाल आलु, आणि आलु म्हणजे कुठलाही खाण्याचा कंद, सुरण-गोराडूच्या जातीतला. रक्तालु हा इथलाच लालसर कंद, तेच नाव घासून घासून रताळं झालं आणि समुद्रापलीकडून आलेल्या लाल सालीच्या पाहुण्याला देऊन टाकलं. मग नंतर खरा बटाटा आला तेव्हा त्याला बताता हे नाव मिळालं, जे रताळ्याचं होतं. उत्तरेत ह्याच्याही पुढे गेले, त्यांनी जुना आलुच उचलून बटाट्याला दिला. म्हणजे बघा, आमच्या एकादशीच्या ताटात एका बाजूला रताळ्याचा कीस आणि दुसऱ्या बाजूला बटाट्याची भाजी, दोघांचीही जन्मभूमी अमेरिका, एकाने इथल्या जुन्या कंदाचं संस्कृत नाव घातलंय आणि दुसऱ्याने पहिल्याचं काढून ठेवलेलं नाव घातलंय. लग्नघरात चपलांची जी अदलाबदल होते तसं.

उपासाला तो चालतो तो ह्याचमुळे असं माझं मत. उपासाला वर्ज्य ते धान्य, कंदमुळं चालतात. नवीन कंद आला तो आपोआप कंदांच्या रांगेत जाऊन बसला, कुणी जन्मदाखला मागितला नाही. शेंगदाणा अमेरिकेतला, मिरची अमेरिकेतली, साबुदाणा तर विचारू नका, हे नाव मुळात पूर्वेकडच्या बेटांवरच्या साबूच्या झाडाच्या गाभ्यापासून काढलेल्या दाण्यांचं आणि आपण खातो तो टॅपिओकाच्या मुळांचा, आणि टॅपिओकाही ब्राझीलकडचा. पावाचं दुर्दैव हे की तो गव्हाचा, आंबवलेला आणि दुसऱ्याच्या हातचा. तिन्ही दरवाजे बंद.

मुलगी म्हणाली, म्हणजे आजी-पणजीला माहीतच नव्हतं? नव्हतंच. माहीत असतं तर काय केलं असतं, देव जाणे. बटाटा सोडला असता असं मला वाटत नाही.

(जाता जाता: विंदालू नावाच्या गोष्टीत हॉटेलवाले बटाटे घालतात, कारण शेवटी आलू ऐकू येतं. तो शब्द 'व्हिन्या द आल्युश', म्हणजे वाइन आणि लसूण. बटाट्याचा काही संबंध नाही. नावाच्या बाबतीत बटाट्याचं नशीबच असं, दुसऱ्याचं येऊन चिकटतं.)

एव्हाना मेस्त्रीचा चहा संपत आला होता. त्याने पावाचा तुकडा चहात बुडवला आणि बिगाऱ्याला शिकवल्यासारखं म्हणाला, ह्याला पाव का म्हणतात माहितेय का, चार जोडलेले असतात, एक तोडला की पाव भाग. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. दुसरं म्हणजे पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव, ते सांगणारे जरा तोंड वाकडं करून सांगतात. दोन्ही चूक. पावभर, सव्वापाव मधला पाव आपला, संस्कृत 'पाद'वरून आलेला, चौथा हिस्सा. खायचा पाव म्हणजे पोर्तुगीज 'पाउं', नाकातून म्हणायचा, आणि त्याचा अर्थ साधा ब्रेड, एक असो, सहा असोत, लादी असो की गोल. खात्री करायची असेल तर जपानकडे बघावं. पोर्तुगीज तिथे 1543 मध्ये पोचले आणि जपानी लोक आजही ब्रेडला 'पान' म्हणतात. त्यांच्याकडे कुठे आलाय आपला पावशेर.

पण मला यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगीज भाषेत शेवटी येणारा हा नाकातला 'आउं' मराठीत आला की त्याचा 'आव' होतो, नाक गळून पडतं. पाउंचा पाव झाला. आणि 'लेयलाउं'चा लिलाव. रेवदंड्याच्या बंदरावर पहाटे होडी लागली की कोळणी टोपल्या घेऊन गोल करून उभ्या राहतात आणि बांगड्याचा लिलाव सुरू होतो, आकडे मराठी, शिव्या मराठी, आणि लिलाव मात्र पावाचा सख्खा भाऊ. एकदा हा नियम कळला की हातात एक चाळणी येते. उदाहरणार्थ साबण. यादी करणारे लोक साबण सर्रास पोर्तुगीज म्हणून टाकतात, कारण पोर्तुगीजमध्ये साबणाला 'साबाउं' म्हणतात. पण मग त्याचा साबाव व्हायला हवा होता. आपल्याकडे शेवटी ण आहे, आणि अरबी-फारसीत 'साबून' आधीपासून होताच, दाभोळ-चौलच्या बंदरात अरबी जहाजं पोर्तुगीजांच्या कित्येक शतकं आधीपासून येत होती. माझा कौल साबूनला. मेजाचंही तसंच, पोर्तुगीज 'मेझा' आहे तसं फारसी 'मेझ'ही आहे, आणि दोघांपैकी कुणाचं हे भांडण आपण सोडवायचं कारण नाही. कपाट तर अस्सल संस्कृत, दाराचं फळकूट, त्याला उगाच फिरंगी करू नये. पोर्तुगीज असेल तर अलमारी, ती 'आर्मारियु'वरून, आणि त्याच्या पोटात लॅटिन 'आर्मा' म्हणजे हत्यारं. आधी त्यात हत्यारं ठेवत, आता साड्या.

तर हे शब्द आले कसे ह्याचं उत्तर आमच्या मागच्या दारातच उभं होतं, लुंगी वर खोचून. मेस्त्री म्हणजे 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद, शिकवणारा, लॅटिनमधल्या 'मागिस्तेर'चा नातू, आणि इंग्रजी मास्टर हा त्याचा चुलतभाऊ. म्हणजे शाळेतला मास्तर आणि विहिरीवरचा मेस्त्री एकच. चौलच्या खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी 1521 मध्ये किल्ल्याचं काम काढलं, आणि मग रेवदंड्याला तटाच्या आत अख्खं शहर उभं केलं, चर्च, मठ, घरं. ते बांधायला दगड उचलायला माणसं कुठली, इथलीच. त्यांच्यावर हुकूम करणारा मेस्त्र. त्यांच्या डोक्यावर 'गामेला'.

गामेला म्हणजे आपलं घमेलं, आणि ह्यावर मला जरा थांबायचंय कारण हा शब्द मला सगळ्यात जास्त आवडतो. पोर्तुगालमधली गामेला ही लाकडी. एका ओंडक्यातून कोरून काढलेली उथळ परडी, डुकरांना खाणं घालायला, पीठ मळायला, अंघोळीला सुद्धा. त्याच्या मागे लॅटिन 'कामेला', म्हणजे पिण्याचं भांडं. दारूचा पेला, डुकराची कोटंबी, आणि मग कोकणात येऊन सिमेंटचं घमेलं, असा त्याचा प्रवास. मराठीने त्याला ग चा घ दिला, म्हणजे थोडं वजन दिलं, आणि नपुंसकलिंगात टाकलं, ते घमेलं. आता ते पत्र्याचं असतं, काठ दुमडलेला, तळ वाटोळा, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर बसेल असा. विहिरीवरच्या घमेल्याच्या तळाला मालाचा इतका जुना थर बसला होता की मूळ पत्रा कुठे सुरू होतो ते कळेना. बिगारी ते रिकामं झालं की उलटं करून थापीच्या दांड्याने दोन टोले द्यायचा, वाळलेला माल पापुद्र्यासारखा सुटायचा, आणि त्या टोल्यांचा आवाज समोरच्या वाडीत घुमायचा. आता माडांच्या बागेत हा आवाज पोर्तुगीज म्हणावा की मराठी?

परात त्याचीच बहीण म्हणा. 'प्रातु' म्हणजे जेवायची थाळी, एका माणसाची. आपल्याकडे येऊन ती एवढी मोठी झाली की दहा माणसांचं पीठ मळता येतं. आणि बादली. मूळ 'बाल्द'. त्याची बालदी झाली आणि मग ल आणि द यांनी जागा बदलल्या. माझा मामा अजून बालदी म्हणतो आणि मी त्याला लहानपणी शहाणपणाने सुधारायचे की मामा, बादली. मामाचं बरोबर होतं, माझंच उलटं होतं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

बारा वाजता मामा आणि मेस्त्रीची पगारावरून थोडी वादावादी झाली. मेस्त्रीचं म्हणणं आठवड्याचा हिशोब आजच करा, उद्या त्याला थळला दुसरं काम बघायला जायचं होतं, मामाचं म्हणणं शनिवारी पगार म्हणजे शनिवारी पगार. दोघंही आवाज चढवून, पण मनातून काही नसल्यासारखं, जसं गावात असतं. मी मध्ये पडून सांगणार होते की मेस्त्री, पगार हा मुळात नामच नाही, ते क्रियापद आहे. 'पागार' म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. पोर्तुगीजमध्ये महिन्याच्या पैशाला पगार म्हणत नाहीत. इथल्या माणसाच्या कानावर आठवड्याच्या शेवटी तो शब्द पडत असणार, पागार, पागार, देऊन टाका, आणि त्याला वाटलं हातावर जे पडतं त्याचंच हे नाव. ऐकणाऱ्याला क्रियेशी काय करायचंय, त्याला वस्तू दिसते. आणि त्या पागारच्या मागे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणं, मन वळवणं, 'पाक्स' म्हणजे शांतता ह्यावरून. ज्याचं देणं आहे त्याला शांत करणे, हा पगाराचा मूळ अर्थ.

मामाने शेवटी अर्धे पैसे दिले. मेस्त्री अर्धा शांत झाला.

असाच पण काळा शब्द तुरुंग. पोर्तुगीजमध्ये 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड. ह्यात कैद कुठून आली, तर एक जाड ओंडका मधोमध चिरायचा, दोन्ही भागांत अर्धगोल भोकं पाडायची, कैद्याचे पाय त्यात ठेवून वरचा भाग बंद करायचा. ह्या ओंडक्यालाही त्रोंकु म्हणायचे, मग तो जिथे ठेवलाय त्या खोलीला, मग अख्ख्या इमारतीला. हा शब्द पोर्तुगीज गेले तिथे तिथे गेला, मलय भाषेतही तो 'तरुंकू' होऊन बसलाय, कैदखान्यासाठीच. पण मी थबकले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. आपल्याकडेही पाय अडकवायच्या त्या लाकडाला खोडा म्हणतात, आणि खोडा आला खोड वरून. कुणाच्या कामात खोडा घालणं, ते हेच. म्हणजे लिस्बनच्या माणसाने आणि देशावरच्या माणसाने एकमेकांना न विचारता झाडाच्या खोडापासून कैदेपर्यंतचा तोच रस्ता तुडवला होता, फक्त आपण ओंडक्यापाशी थांबलो आणि ते इमारतीपर्यंत गेले, मग आपण त्यांच्याकडून इमारत उसनी घेतली.

चावीबद्दल एक छोटी गोष्ट सांगते आणि मग पुरे. आज लिस्बनमध्ये चावी मागितली तर लोक 'शाव्ह' म्हणतात, च नाही, श. पण सोळाव्या शतकात तिथेही च होता. नंतर त्यांच्या राजधानीच्या भाषेत तो घासून श झाला. आपण चावी घेतली ती त्याच्या आधी, त्यामुळे त्यांचा चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार आजीच्या कमरेला लटकत राहिला. हा च सुद्धा तालव्य, चावी, चहातला. दातांनी चावतो तो चावा वेगळ्या च चा. एकच अक्षर लिहितो आपण, पण जीभ बरोबर ओळखते कोण घरचं आणि कोण बाहेरून आलेलं.

सगळेच शब्द असे ओळखू येत नाहीत. काही इतके मिसळलेत की ळ लावून बसलेत, नाताळ बघा, मूळ 'नाताल', जन्माचा दिवस, त्याला आपण आपला ळ दिला. फीत, इस्त्री ('एश्तिरार', ताणणे), पिंप ('पीपा', दारूचं मोठं पिंपच), ह्यांच्याकडे बघून कोण सांगेल. पोर्तुगीज त सहसा आपल्याकडे त च राहतो, फीत, परात, तुरुंग, नाताळ सगळीकडे, बटाटा तेवढा दोन दोन ट घेऊन ऐटीत. लिंगही बदललंय त्याने, तिकडे ती बताता, स्त्रीलिंगी, इकडे तो बटाटा, कारण आकारान्त म्हटलं की घोडा, आंबा, तसाच बटाटा. आणि पेरूचं सांगते फक्त, पोर्तुगालमध्ये जाऊन पेरू मागाल तर टर्की कोंबडा येईल ताटात, अख्खा.

हे सगळं गोळा करून ठेवणारा माणूसही ह्याच किनाऱ्यावरचा. सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो, गोव्यातल्या आसगावात 1855 मध्ये जन्मलेले पाद्री. त्यांनी 1913 मध्ये आशियातल्या पन्नासेक भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे पोचले ते एकत्र छापलं. पोर्तुगीजांची सगळी भाषा अशी शब्दाशब्दाने उरली असं मात्र नाही. आमच्या घरापासून रेवदंड्याचा पूल ओलांडला की समोर कोर्लई, किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, फिरंगी निघून गेले, आणि तिथले ख्रिश्चन कोळी-शेतकरी मागे राहिले. त्यांची बोली अजून आहे, पोर्तुगीज शब्द आणि मराठीचा सांगाडा, तीही हजाराच्या आसपास माणसं बोलतात. मामाला ते माहीत आहे पण त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. कोर्लईवाले कोर्लईची बोलतात, त्यात काय, असं त्याचं.

दुपारी फराळाला रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वरी. मी ताटाकडे बघून मोजायला लागले की ह्यात 1498 च्या, म्हणजे वास्को द गामा येण्याच्या, आधी ह्या किनाऱ्यावर काय काय होतं. वरी होती. खोबरं होतं, जिरं होतं, तूप होतं. मामी म्हणाली, मोजत बसू नकोस, गार होतंय.

चार वाजता मेस्त्रीने कठड्याचा शेवटचा थर ओढला. दुसऱ्या चहाचा पाव बिगाऱ्याने विहिरीच्या काठावर बसूनच खाल्ला, पाय आत सोडून, आणि खाऊन झाल्यावर मांडीवरचा चुरा हाताने झटकला तो सरळ खाली. विहिरीत मामाने डासांसाठी सोडलेले बारके मासे आहेत, ते वर आले, पाणी जरा उकळल्यासारखं झालं. मी मामीकडे बघितलं. मामी दारातच उभी होती, तिने पाहिलं होतं सगळं.

"मेस्त्री," ती म्हणाली, "जाताना ती बालदी बाहेर काढून ठेवा. उद्या पाणी भरायचंय मला."

आणि बिगाऱ्याला: "अजून एक पाव आहे, खातोस?"